चारशे दाण्यांचे सार : पर्याप्तता आणि अवयवीकरणाचा निकष

नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाचे मोठे क्षेत्र सोयाबीनखाली असते, आणि या बियाण्याचे टरफल पातळ असल्यामुळे मळणीयंत्राच्या फटक्याने, उंच रचलेल्या थप्पीच्या दाबाने किंवा काढणीच्या वेळी आलेल्या पावसाने त्याची उगवणशक्ती लवकर खालावते. म्हणून घरचे बियाणे वापरणाऱ्या शेतकऱ्याने पेरणीपूर्वी उगवण तपासून घ्यावी, असा कृषी विभागाचा आग्रह असतो. त्यासाठी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीने मांडून त्याची गुंडाळी करतात आणि साधारण आठवड्याने ती उघडून निरोगी कोंब मोजतात. बीजपरीक्षण प्रयोगशाळेत हीच चाचणी सामान्यतः शंभर-शंभर दाण्यांचे चार संच करून, म्हणजे ४०० दाण्यांवर होते, आणि प्रमाणित सोयाबीन बियाण्याला किमान ७० टक्के उगवण आवश्यक असते. चाचणीच्या शेवटी मात्र निर्णय एका आकड्यावर होतो. कोणत्या ओळीतला कितवा दाणा उगवला आणि कितवा कुजला, ही सगळी माहिती मोजणी संपताच टाकून दिली जाते. तिच्यासोबत उगवणशक्तीविषयी काही कळण्याजोगेही निघून जाते का, या प्रश्नाला संख्याशास्त्राने दिलेले नेमके उत्तर म्हणजे पर्याप्ततेची संकल्पना होय.

नमुन्यातील निरीक्षणांवरून काढलेल्या कोणत्याही आकड्याला संख्याशास्त्रात ‘स्टॅटिस्टिक’ म्हणतात. येथे त्यासाठी ‘सार’ हा शब्द वापरला आहे. ज्या अज्ञात राशीचा अंदाज घ्यायचा असतो, उदाहरणार्थ एक दाणा उगवण्याची संभाव्यता p, तिला प्राचल म्हणतात. सार कळल्यानंतर उरलेल्या तपशिलाची संभाव्यता प्राचलावर मुळीच अवलंबून राहत नसेल, तर ते सार त्या प्राचलासाठी पर्याप्त आहे असे म्हटले जाते. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या गुणाला नाव दिले आणि त्याला अनुमानशास्त्राच्या पायात स्थान दिले.

व्याख्या अमूर्त वाटली तरी पाच दाण्यांवर ती हाताने पडताळता येते. पाचांपैकी पहिला, दुसरा आणि चौथा दाणा उगवला, तर या विशिष्ट क्रमाची संभाव्यता p³(1−p)² इतकी येते. पहिला, तिसरा आणि पाचवा उगवला असता तरी ती तितकीच आली असती. पाचांपैकी कोणतेही तीन दाणे उगवण्याचे एकूण १० क्रम आहेत आणि ते सर्व सारख्याच संभाव्यतेचे आहेत. म्हणून ‘तीन उगवले’ हे कळल्यानंतर त्यातला एखादा ठरावीक क्रम घडलेला असण्याची संभाव्यता १/१० उरते, आणि या १/१० मध्ये p कुठेही नाही. बियाणे चांगले असो वा वाईट, एकूण संख्या ठरल्यानंतर क्रमाची वाटणी त्याच नियमाने होते. त्यामुळे क्रम पाहून बियाण्याच्या गुणवत्तेविषयी अधिक काही कळू शकत नाही. द्विपद वितरणात, म्हणजे प्रत्येक दाणा स्वतंत्रपणे आणि एकाच संभाव्यतेने उगवतो असे मानले असता, उगवलेल्या दाण्यांची एकूण संख्या पर्याप्त असते ती या अर्थाने.

प्रत्येक वेळी अशी सशर्त संभाव्यता काढत बसणे मोठ्या प्रश्नांत जिकिरीचे होते, आणि तेथे अवयवीकरणाचा निकष उपयोगी पडतो. त्याचे बीज फिशर यांच्याच लेखनात आहे. येझी नेमन यांनी १९३५ मध्ये तो स्पष्टपणे मांडला आणि हालमोस व सॅव्हेज यांनी १९४९ मध्ये त्याला व्यापक गणिती रूप दिले. संपूर्ण नमुन्याची संयुक्त संभाव्यता (संतत राशींसाठी संयुक्त घनता) जर

f(x; θ) = g(T(x), θ) · h(x)

अशा दोन अवयवांत मोडता आली, ज्यातील पहिल्या अवयवात प्राचल θ येते पण निरीक्षणे केवळ T या साराच्या वाटेने येतात आणि दुसऱ्यात प्राचल येतच नाही, तर T पर्याप्त असते. याचा व्यत्यासही खरा आहे. n दाण्यांपैकी t उगवले असता कोणत्याही क्रमाची संभाव्यता pᵗ(1−p)ⁿ⁻ᵗ असते, म्हणजे येथे पहिला अवयव हाच आणि दुसरा अवयव नुसता १. एका ओळीत काम होते.

मात्र या सोप्या ओळीत ‘असे मानले असता’ हे शब्द दडलेले आहेत, आणि विषयाचा खरा कस तेथेच लागतो. समजा, एका प्रयोगशाळेत चार संचांत ७६, ७१, ७४ आणि ६७ दाणे उगवले, तर दुसरीकडे ८८, ८४, ६० आणि ५६. दोन्हीकडे बेरीज २८८, म्हणजे उगवण ७२ टक्के, आणि दोन्ही नमुने ७० टक्क्यांची अट पार करतात. p ०.७२ च्या आसपास असेल तर शंभरांच्या संचातील प्रमाण विचलन, म्हणजे नैसर्गिक चढउताराचे माप, सुमारे ४.५ असते, पहिल्या नमुन्यातील फरक त्यात सहज बसतात, दुसऱ्यातील बसत नाहीत. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २०.१६ ने भागली असता, म्हणजे काय-वर्ग कसोटी लावली असता, पहिल्यात २.३ आणि दुसऱ्यात ३९.७ येते, तर पाच टक्के पातळीवरील मर्यादा केवळ ७.८ आहे. दुसऱ्या नमुन्यात दोन प्रकारचे बियाणे मिसळले असावे, किंवा काही संचांना ओलावा कमी मिळाला असावा किंवा बुरशी लागली असावी. बीजपरीक्षणाच्या नियमांत चार संचांमधील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यांतील फरकाला मर्यादा घातलेली असते आणि ती ओलांडली की चाचणी पुन्हा करावी लागते, ते याच कारणाने.

येथे पर्याप्ततेची दुसरी बाजू दिसते, जी पाठ्यपुस्तकांत फार थोडक्यात उरकली जाते. बेरीज p विषयी बोलते. बेरजेनंतर उरलेला तपशील p विषयी काहीच बोलत नाही, आणि म्हणूनच तो गृहीतकाची तपासणी करायला योग्य ठरतो, कारण त्याचे अपेक्षित वर्तन p माहीत नसतानाही सांगता येते. सार काढून उरलेला चोथा फेकून देणारा माणूस अंदाज अचूक काढू शकतो, पण ज्या पायावर तो अंदाज उभा आहे तो पाया तपासण्याचे साधन मात्र गमावून बसतो.

पीक कापणी प्रयोगांत हाच प्रश्न प्रसामान्य वितरणाच्या रूपाने येतो. यादृच्छिकपणे निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा प्लॉट आखून त्यातील उत्पादन तोलण्याची ही पद्धत भारतात रुजवण्यात सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता, आणि आज पीकविम्याची भरपाई महसूल मंडळनिहाय अशाच प्रयोगांतून निघालेल्या सरासरीवर ठरते. समजा, पाच प्लॉटांवरून हेक्टरी ११, १३, १२, १६ आणि ८ क्विंटल असे उत्पादन निघाले. उत्पादन प्रसामान्य वितरणाचे, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राचे आहे असे मानले, तर घनतेच्या घातांकात Σ(xᵢ−μ)² ही राशी येते आणि तिची फोड अशी होते :

Σ(xᵢ−μ)² = Σ(xᵢ−x̄)² + n(x̄−μ)²

विचलन σ आधीच ठाऊक असेल तर उजवीकडचे पहिले पद μ पासून मुक्त असल्यामुळे दुसऱ्या अवयवात जाते आणि सरासरी x̄ एकटीच पर्याप्त ठरते. σ ठाऊक नसेल तर पहिल्या पदालाही σ² ने भागलेले असते, ते वेगळे काढता येत नाही, आणि मग सरासरी व वर्गांची बेरीज ही जोडी मिळून पर्याप्त होते. वरील उदाहरणात ती जोडी १२ आणि ३४ आहे. खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी प्रमाण विचलनापेक्षा सरासरी निरपेक्ष विचलन अधिक पसंत केले होते, आणि त्यांच्या मताची छाननी करतानाच फिशर यांना १९२० मध्ये आढळले की वर्गांवरून काढलेले विचलन कळल्यानंतर दुसऱ्या मापाचे वितरण σ वर अवलंबूनच राहत नाही. पर्याप्ततेचा उगम या निरीक्षणात आहे.

आता १७, १०, १०, ११ आणि १२ हे पाच आकडे घेतले, तर त्यांचीही सरासरी १२ आणि वर्गांची बेरीज ३४ येते. प्रसामान्य गृहीतक खरे असेल तर हे दोन नमुने μ आणि σ विषयी तंतोतंत एकच गोष्ट सांगतात. पण दुसऱ्यात चार कोरडवाहू शेतांशेजारी एखादे पाणी दिलेले शेत आले असावे अशी शंका येते, आणि ज्या मंडळात काही गावांना पाऊस चुकला आणि काहींना लाभला, तेथे घंटेचा वक्र मुळातच लागू पडत नाही. तशा वर्षी केवळ जोडी जपून मूळ आकडे टाकून देणे हे मोठे नुकसान आहे.

एकसमान वितरणात चित्र अगदी पालटते. नांदेडहून लातूरला जाणारी बस दर θ मिनिटांनी नेमकी सुटते, आणि वेळापत्रक न पाहता केव्हाही स्थानकावर येणाऱ्या प्रवाशाला ० ते θ यांतील कोणतीही प्रतीक्षा सारख्याच शक्यतेने करावी लागते, असे मानले, तर प्रत्येक निरीक्षणाची घनता 1/θ असते. परीक्षेतील नेहमीची चूक येथेच होते : विद्यार्थी संयुक्त घनता 1/θⁿ एवढीच लिहून थांबतो, तिच्यात निरीक्षणे दिसतच नाहीत, आणि निकष निरर्थक होऊन बसतो. घनता 1/θⁿ असते ती सर्व निरीक्षणे θ पेक्षा मोठी नसतील तरच. एरवी ती शून्य असते. ही अट ‘सर्वांत मोठे निरीक्षण θ पेक्षा जास्त नाही’ या एका वाक्यात मावते, म्हणून पहिल्या अवयवात निरीक्षणे येतात ती केवळ कमाल मूल्याच्या रूपाने, आणि कमाल मूल्य पर्याप्त ठरते.

चार प्रवाशांनी ३, ४, ५ आणि २८ मिनिटे वाट पाहिली असे धरू. प्रतीक्षेची सरासरी θ च्या निम्मी असायला हवी, म्हणून सरासरी १० ची दुप्पट करून θ = २० असा अंदाज काढला, तर २८ मिनिटांची प्रतीक्षा अशक्य ठरते; अंदाज आपल्याच माहितीशी भांडतो. याउलट कमाल मूल्याला (n+1)/n ने, येथे ५/४ ने गुणले की ३५ हा सुसंगत अंदाज मिळतो. दोन्ही पद्धती दीर्घकाळात सरासरीने अचूक आहेत, पण प्रचरण, म्हणजे अंदाजांच्या विखुरण्याचे माप, पहिल्याचे θ²/3n आणि दुसऱ्याचे θ²/n(n+2) असते. चार निरीक्षणांना दुसरे निम्मे होते, दहांना चौथाई. सी. आर. राव यांनी १९४५ मध्ये आणि डेव्हिड ब्लॅकवेल यांनी १९४७ मध्ये दाखवले की कोणत्याही अंदाजाची पर्याप्त सार दिले असतानाची सशर्त सरासरी घेतली तर तो सुधारतो किंवा निदान बिघडत नाही; सरासरीच्या दुपटीवर ही क्रिया केली असता बरोबर (n+1)/n पट कमाल मूल्यच हाती येते.

या साराची नाजूक बाजूही तितकीच खरी आहे. एका प्रवाशाने २८ ऐवजी ८२ नोंदवले, तर पूर्ण अंदाज त्या एका चुकीवर उभा राहतो, कारण बाकीच्या आकड्यांना आवाजच उरत नाही. द्विपद नमुन्यात एका दाण्याची चुकीची मोजणी बेरजेत विरून जाते. येथे ती विरत नाही.

नमुना कितीही मोठा झाला तरी सार ठरावीक लांबीचेच राहावे, ही सोय सर्व वितरणांना लाभत नाही. १९३५-३६ च्या सुमारास डार्मवा, कूपमन आणि पिटमन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की निरीक्षणांची मर्यादा प्राचलावर अवलंबून नसेल, तर काही गणिती अटींखाली ही सोय केवळ घातांकी कुलातील वितरणांना मिळते. द्विपद आणि प्रसामान्य ही त्यातलीच, तर एकसमान वितरण मर्यादेच्या अपवादामुळे बाहेर राहूनही सोय मिळवते. याच वितरणांच्या अंतरंगाचा शोध कोल्हापूरला १९१९ मध्ये जन्मलेल्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली घेतला आणि पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख म्हणून चालू ठेवला. पर्याप्त सारांवरील त्यांचे निवडक काम १९७६ मध्ये पुस्तकरूपाने आले. कॉशी वितरणासारखी जी वितरणे या कुलात बसत नाहीत, त्यांच्यात चारशे निरीक्षणांचे सार म्हणजे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावलेली तीच चारशे निरीक्षणे, आणि तेथे नोंदवहीतील एकही आकडा गाळता येत नाही.