रिक्षाच्या पाठीवरचे पाच शब्द
रिक्षामागची घोषणा चालकाला एका नजरेत वाचता यावी लागते. ठोकताळा असा की, अक्षर एक इंच उंच असेल तर ते साधारण दहा फुटांवरून सहज वाचता येते. तीस फुटांसाठी तीन इंच हवेत. मराठीत वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा खातात, म्हणून ही उंची मूळ अक्षराची धरावी.

नुसते शब्द मोजून भागत नाही. ‘रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांना प्राधान्य द्या’ यात शब्द पाचच, पण अक्षरे सोळा आणि त्यांतली सहा जोडाक्षरे. लांबून जोडाक्षरांचे काने-दांडे एकमेकांत मिसळतात आणि डाग दिसतो. ‘आधी पायी चालणारा, मग गाडी’ यात बारा अक्षरे, जोडाक्षर एकही नाही. स्वल्पविरामापाशी ओळ तोडली की अर्थही तिथेच थांबतो.