चपट्या त्रिकोणाची दोन वर्तुळे

(0, 0), (2, 0) आणि (1, 0.001) हे तीन बिंदू जवळजवळ एकाच रेषेवर असूनही त्रिकोण या पदवीस रीतसर पात्र आहेत, मात्र त्यांच्या परिवर्तुळाची त्रिज्या सुमारे 500 भरते, आणि तिसरा बिंदू केवळ 0.001 ने वर सरकवताच ती 250 वर उतरते. अंतर्वर्तुळाची प्रकृती याउलट शांत आहे. त्याचे केंद्र म्हणजे समोरच्या बाजूच्या लांबीचे वजन देऊन काढलेली शिरोबिंदूंची सरासरी. सर्व वजने धन असल्याने ते त्रिकोणाची हद्द सोडत नाही, आणि येथे त्रिज्या, म्हणजे दुप्पट क्षेत्रफळ भागिले परिमिती, 0.0005 इतकी येते.

परिकेंद्र काढताना प्रथम एक शिरोबिंदू आरंभबिंदूवर आणावा, कारण मोजणीच्या नकाशातील लाखांच्या निर्देशकांचे वर्ग करून ते वजा केले, की उपयोगाचे अंक नेमके त्या वजाबाकीतच गहाळ होतात. उरलेले बिंदू (p, q) व (r, s) असता:

```
d = 2(ps − qr)
x = (s(p²+q²) − q(r²+s²)) / d
y = (p(r²+s²) − r(p²+q²)) / d
```

सारा धोका `d` या भाजकात आहे. तो शून्य आहे काय, एवढीच चौकशी करणे मला अपुरे वाटते, कारण मीटरऐवजी मिलिमीटर घेताच त्याचे मूल्य दहा लक्षपट होते. म्हणून d च्या निम्म्यास सर्वांत लांब बाजूच्या वर्गाने भागावे. आपल्या त्रिकोणात हे गुणोत्तर 0.0005 येते, आणि मोजणीतील संभाव्य चूक भागिले ती बाजू हा आकडा त्याच्या जवळपास पोहोचत असेल, तर परिवर्तुळ काढण्याऐवजी बिंदू एकरेषीय असल्याची नोंद करावी.