केसपेपरवरचा ट्यूमर बोर्ड

शल्यचिकित्सक, किरणोपचारतज्ज्ञ, केमोथेरपी देणारे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून एकेका कर्करुग्णाचा उपचार ठरवतात, त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. एका रुग्णाच्या वाट्याला तिथे काही मिनिटेच येतात. निर्णय केसपेपरवर उतरवतो तो बहुधा निवासी डॉक्टर, आणि उतरवतो तो एका ओळीत: 'सीटीआरटी, डेंटल ओपिनियन'. सीटीआरटी म्हणजे किरणोपचाराबरोबर केमोथेरपी. ओळीत चूक काहीच नसते. मात्र दंतवैद्याकडे रुग्णाला कोणी पाठवायचे आणि कधीपर्यंत, हे तिच्यातून कळत नाही.

तोंडाच्या कर्करोगाचे एक नमुन्यादाखल रचलेले उदाहरण घेऊ. बावन्न वर्षांच्या, तंबाखू खाणाऱ्या रुग्णाच्या डाव्या गालाच्या आतली गाठ आणि मानेतल्या लसिकाग्रंथी 3 जूनला शस्त्रक्रियेने काढल्या. पॅथॉलॉजीचा अहवाल सांगतो की दोन ग्रंथींत कर्करोग आहे आणि त्यांपैकी एकीत तो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आला आहे. आवरण फुटलेले असले की नुसते किरण पुरेसे मानले जात नाहीत. प्रकृती झेपणारी असेल तर सोबत सिस्प्लाटिन देतात. किरणोपचार शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असा संकेत आहे. म्हणजे 15 जुलै. बैठक भरते 20 जूनला. हातात उरतात पंचवीस दिवस.

चांगली नोंद इथून उलट मोजत येते. किरण 14 जुलैला सुरू करायचे, तर चेहऱ्याचा मास्क आणि नियोजनाचा सीटी स्कॅन 3 जुलैपर्यंत व्हायला हवा, कारण त्यानंतर किरणांचे क्षेत्र आखणे आणि भौतिकतज्ज्ञाने मात्रेचे गणित बसवणे यात आठवडा-दहा दिवस सहज जातात. त्याच्याही आधी किडलेले दात काढायचे. किरण लागलेल्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. मग नंतर दात काढला, तर जखम भरत नाही आणि हाड कुजण्याचा धोका असतो. आधी काढलेल्या दाताची जखम भरायला किमान दोन आठवडे द्यावे लागतात. म्हणून दातांची तारीख 26 जून. एका ओळीच्या नोंदीत शेवटी टाकलेले 'डेंटल ओपिनियन' खरे तर साऱ्या साखळीचे पहिले काम असते.

आता प्रत्येक कामापुढे नाव येते. इथे पदे दिली आहेत. केसपेपरवर मात्र त्या व्यक्तीचे पूर्ण नाव आणि संपर्क क्रमांक हवा. 'दात काढून पूर्ण: दंतशल्यचिकित्सक, 26 जून. क्रिएटिनिन क्लिअरन्स आणि श्रवणचाचणी: केमोथेरपीचे डॉक्टर, 30 जून. जन आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी: समाजसेवा अधीक्षक, 2 जुलै. मास्क व सीटी: किरणोपचारतज्ज्ञ, 3 जुलै. रुग्ण व मुलाला निर्णय समजावणे: शल्यचिकित्सक, आजच.' विभागाचे नाव लिहून भागत नाही, कारण विभाग फोन उचलत नाही. निवासी डॉक्टरचे एकट्याचे नावही जोखमीचे. त्याची पाळी बदलली की काम अनाथ होते, त्यामुळे शेजारी कायमस्वरूपी सल्लागाराचे नाव लागते.

क्रियापदाकडेही बारकाईने पाहावे लागते. 'दंतविभागाकडे पाठवले' अशी नोंद असेल, तर चिठ्ठी हातात दिली त्या क्षणी काम झाल्याची खूण होते. मग रुग्णाला पुढची तारीख जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली मिळाली, तरी कागदावर सगळे आलबेल दिसते. 'दात काढून पूर्ण' असे लिहिले की तीच गफलत 26 जूनलाच उघडी पडते, आणि तेव्हा ती सुधारायला दोन दिवस तरी शिल्लक असतात.

काही निर्णय सशर्त असतात. सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला आणि कानाला बाधते. त्यामुळे 'क्लिअरन्स 50 च्या खाली किंवा श्रवणदोष असल्यास सिस्प्लाटिन नाही. डोसेटॅक्सेलचा विचार, निर्णय केमोथेरपीच्या डॉक्टरांचा, 1 जुलैपर्यंत' हे वाक्य आधीच लिहिलेले असावे. ते नसले की अहवाल आल्यावर प्रकरण पुन्हा पुढच्या बैठकीची वाट पाहत बसते. निर्णयामागचे कारणही एका वाक्यात हवे: 'ग्रंथीचे आवरण फुटले आहे'. ते वाचून दुसऱ्या गावचा डॉक्टरही केमो का दिली ते समजू शकतो. पॅथॉलॉजीच्या काचपट्ट्या बैठकीत पुन्हा पाहिल्या की नुसता बाहेरचा अहवाल वाचला, हेही नमूद करतात, कारण फेरतपासणीत निदान कधी कधी बदलते.

एवढे लिहूनही तारखा आपोआप पाळल्या जात नाहीत. समन्वयक दर शुक्रवारी उघड्या राहिलेल्या कामांची यादी काढतो आणि तारीख उलटलेल्या नावाला त्याच दिवशी फोन करतो. रुग्णाने सिस्प्लाटिन नाकारले किंवा बेत बदलला, तर जुनी नोंद खोडत नाहीत. तिच्याखाली तारीख, कारण आणि बदल करणाऱ्याचे नाव येते, आणि पुढच्या कामांच्या तारखा नव्याने मोजल्या जातात.