वेबसाइटची पहिली तपासणी : काय पाहायचे, किती पैसे मागायचे

न्यूझीलंडमध्ये स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्या आपल्या मंडळींना एक फोन हमखास येतो : "तुमची वेबसाइट गूगलवर पहिल्या नंबरवर आणून देतो, महिन्याला इतके डॉलर्स." असा पहिला नंबर कोणीच हमीने देऊ शकत नाही, हे खुद्द गूगलने लिहून ठेवले आहे. पैसे देण्याआधी साइट कुठे अडली आहे ते शोधावे. हे काम घरातला संगणकाची आवड असलेला मुलगा किंवा मुलगीसुद्धा करू शकते.

समजा, ऑकलंडच्या सँड्रिंगहॅम भागात एक काकू घरून टिफिन पुरवतात. साइट सुंदर आहे, पण तिच्यावरून एकही फोन येत नाही. पहिला प्रश्न असा, की गूगलला ही साइट ठाऊक तरी आहे का? शोधाच्या चौकटीत साइटचा पत्ता असा टाकावा :

```
site:example.co.nz
```

एकही पान आले नाही, तर बहुधा दारच बंद आहे. खात्री करायला गूगलच्या सर्च कन्सोल या मोफत सोयीत तो पत्ता तपासावा. पान का घेतले नाही याचे कारण तिथे दिसते. नेहमीची कारणे दोन. वर्डप्रेसमध्ये साइट तयार होत असताना 'शोधयंत्रांनी येऊ नये' अशा अर्थाच्या चौकटीवर खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. नाहीतर robots.txt या फाइलमध्ये या दोन ओळी उरलेल्या असतात :

```
User-agent: *
Disallow: /
```

याचा अर्थ, कोणीही आत पाहू नये. काकूंच्या साइटवर पहिले कारण निघाले असे धरू. खूण काढून सर्च कन्सोलमधून पान पुन्हा पाहण्याची विनंती करायची आणि काही दिवस, कधी काही आठवडे थांबायचे. दार बंद असताना बाकीची सगळी डागडुजी वाया जाते, म्हणून ही पायरी पहिली.

दुसरी पायरी पानाच्या मथळ्याची. शोधात निळ्या अक्षरांत दिसणारी ओळ बहुधा त्यावरूनच घेतली जाते. काकूंच्या मथळ्यात नुसते 'होम' लिहिले आहे. तिथे 'घरगुती महाराष्ट्रीय टिफिन, सँड्रिंगहॅम, ऑकलंड' अशा अर्थाची ओळ हवी, आणि तीही इंग्रजीत, कारण गिऱ्हाईक इंग्रजीत शोधते. मेनूचा नुसता फोटो लावला असेल, तर पदार्थ आणि भाव अक्षरांत टाइप करावेत. फोटोतला मजकूर वाचला जाईलच, असे धरून चालू नये.

तिसरी पायरी नकाशावरच्या नोंदीची, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलची. जवळपासच्या शोधात गूगल तीन गोष्टी पाहते : व्यवसाय शोधाशी किती जुळतो, अंतर किती, आणि त्याचा बोलबाला किती. अंतर आपल्या हातात नाही. पण व्यवसायाचा प्रकार बरोबर आहे का, फोन नंबर साइटवर आणि नोंदीत एकच आहे का, वेळा खऱ्या आहेत का, हे आपल्या हातात आहे. गिऱ्हाईक घरी येत नसेल, तर घराचा पत्ता लपवून डबे पोचवण्याचे भाग नोंदवावेत. नावापुढे 'ऑकलंडमधले सर्वोत्तम' असली शेपटी जोडू नये. नोंद स्थगित होऊ शकते. चांगल्या अभिप्रायासाठी गुलाबजाम फुकट देणेही गूगलच्या नियमांत बसत नाही.

आता पैशांचे. ओळखीच्या माणसाकडे ते मागायचे कसे, या संकोचात आपली मंडळी एकतर फुकट करतात, नाहीतर मोघम आकडा सांगतात. त्याऐवजी तास मोजावेत. वरच्या तीन पायऱ्यांना प्रत्येकी एक तास, दोन पानी अहवालाला दीड तास, समोर बसून समजावून सांगायला अर्धा. एकूण पाच तास. तासाला ६० डॉलर्स धरले तर ३०० डॉलर्स. हा दर उदाहरणासाठी आहे. नवख्याने आपल्या अनुभवाप्रमाणे ठरवावा. बारा महिन्यांची उलाढाल ६०,००० डॉलर्सच्या वर जात असेल, तर जीएसटीची नोंदणी सक्तीची आहे. मग त्यावर १५ टक्के, म्हणजे ४५ डॉलर्स वाढून ३४५ होतात. नोंदणी नसेल तर जीएसटी आकारता येत नाही, पण मिळालेले उत्पन्न इनलँड रेव्हेन्यूला दाखवावेच लागते.

तपासणी आणि दुरुस्तीचे दर वेगळे लिहावेत. म्हणजे काकू अहवाल घेऊन दुरुस्ती दुसऱ्या कोणाकडूनही करून घेऊ शकतात, आणि आपणही नको त्या कामात अडकत नाही. अहवालात दोष, त्याचा पुरावा आणि उपाय, एवढेच असावे. नंबरचे वचन नसावे.

फरक पडला का, हे आपल्याच फोनवर शोधून ठरवू नये. तुम्ही कुठे उभे आहात त्यानुसार निकाल बदलतात. तीन महिन्यांनी सर्च कन्सोलमध्ये पाहावे, की लोक काकूंचे नाव टाकून आले की 'टिफिन' शोधत आले. नाव टाकून येणारे त्यांना आधीच ओळखत होते. दुसरे आले, तर ते नवे गिऱ्हाईक.