ओली फरशी आणि मांजरीची जीभ

प्रवरेकाठच्या कोल्हारमध्ये मांजर सहसा हौस म्हणून येत नाही. गव्हाबाजरीच्या कोठीभोवती उंदीर असतात, म्हणून मांजर असते आणि मग ती घरचीच होऊन जाते. अशा घरात सकाळी फरशी पुसली जाते. बादलीत काळं किंवा पांढरं फिनेल अंदाजानं ओततात आणि वास चांगला आला की पुरे झालं असं समजतात. उन्हाळ्यात ओली शहाबादी फरशी गार लागते, मांजर तिच्यावर पोट टेकून पसरते. अर्ध्या तासानं उठून ती पंजे आणि पोट चाटून लख्ख करते. विषबाधा बहुतेक वेळा याच वाटेनं होते.

"मांजर हुशार असते, फिनेल पिणार नाही," हा पहिला गैरसमज. ती पिणार नाही हे खरंच आहे. पण तिच्या अंगाला जे लागतं ते तिच्या तोंडात जातंच, कारण जागेपणीचा बराच वेळ ती अंग चाटण्यात घालवते. शिवाय फिनॉलसारखी द्रव्यं पंजाच्या गादीतून आणि पातळ कातडीतूनही आत शिरतात. म्हणून बाटली उंच फळीवर ठेवली तरी प्रश्न सुटत नाही. पुसलेली ओली फरशी खालीच असते.

दुसरा गैरसमज कुत्र्यावरून येतो. "आमच्या कुत्र्याला कधी काही झालं नाही." कुत्र्यालाही फिनेल चांगलं नाही, पण मांजरीचं यकृत वेगळं आहे. फिनॉल शरीरात गेलं की माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत त्याला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देतं. मग ते पाण्यात विरघळतं आणि लघवीतून निघून जातं. हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचं विकर मांजरीत तयारच होत नाही, कारण त्याचं जनुक मोडलेलं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्‌स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2000 साली ते दाखवून दिलं. सिंह आणि चित्ताही याच कुळातले, त्यांचीही तीच गत. मांजर पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगली, वनस्पतींतली अशी द्रव्यं पचवायची वेळ तिच्यावर क्वचितच आली, म्हणून ही सोय हरवली असावी, असं मानतात. परिणाम असा की, आपल्याला किरकोळ वाटणारी मात्रा तिच्या अंगात रेंगाळते. तापावर माणसाला देतात ती पॅरासिटामॉलची गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते, तेही याच कारणानं. मांजर तापलेली वाटली तरी ती कधीच देऊ नका.

"काळं फिनेल वाईट, पांढरं चालतं," असंही ऐकू येतं. काळं फिनेल डांबरापासून मिळणाऱ्या क्रेसॉल वगैरे फिनॉलवर्गी तेलांचं असतं, ते सर्वांत धोक्याचं. पांढरं बहुधा पाइन तेलाचं असतं. पाइन तेल झाडाचं आहे म्हणून ते मांजरीला सोसतं असं नाही, त्यानंही लाळ गळते, तोल जातो, उलट्या होतात. जखमेवर लावायच्या तपकिरी जंतुनाशकातलं क्लोरोझायलेनॉलही फिनॉलच्याच घरचं. घरातली खूण सोपी आहे: पाण्यात टाकताच जे दुधासारखं पांढरं होतं, ते मांजरीच्या फरशीवर नको. पण जे पांढरं होत नाही ते सुरक्षित, असा उलटा अर्थ लावू नका. सुवासिक रंगीत फ्लोअर क्लीनरमध्ये बऱ्याचदा बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते जिभेला भाजतं आणि गफलत इथे होते की परिणाम लगेच दिसत नाही. सकाळी फरशी पुसली आणि दुपारी मांजर भांड्यापाशी येऊन न खाता परतली, तोंडातून लाळेची तार लोंबते आहे, जिभेच्या कडेला लाल चट्टा आहे, तर सकाळची बादली आठवा. फिनॉलची बाधा असेल तर अंगाला तो वास येतो, पाय थरथरतात, श्वास जोरात चालतो, कधी लघवी काळपट होते.

ब्लीचबद्दल माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. लोक फिनेलला घरचं समजतात आणि ब्लीचला घाबरतात. घट्ट ब्लीच तोंड, घसा आणि डोळे भाजतं, त्यात शंका नाही. पण नीट पातळ करून, नंतर साध्या पाण्यानं धुऊन, वाळवलेल्या फरशीवर त्याचं मुख्यत्वे मीठ उरतं. फिनेलसारखं ते रेंगाळत नाही. मांजरांच्या पार्व्होच्या साथीत तर तेच लागतं. पिल्लं पटापट मारणारा हा विषाणू जागेवर अनेक महिने टिकतो आणि फिनेलला दाद देत नाही. त्या वेळी आधी साबणानं घाण काढायची, मग 1 लिटर पाण्यात साधारण 30 मिलि घरगुती ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग धुवायचं. वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. ग्रामपंचायतीची ब्लीचिंग पावडर मात्र निराळी. ती कोरडी, जास्त तीव्र असते आणि ओल्या पंजाला चिकटली की भाजते. गटारीच्या कडेला ती टाकलेली दिसली, तर दिवसभर मांजरीला बाहेर सोडू नका.

ब्लीचचा खरा घात मिसळण्यात आहे. संडासाच्या ॲसिडमध्ये ते पडलं की क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून जमिनीलगत साचतो आणि मांजरीचं नाक तिथेच असतं. मांजरीच्या मुताच्या डागावर सरळ ब्लीच ओतलं तरी अमोनियाशी मिसळून त्रासदायक वायू तयार होतो. आधी डाग पाण्यानं आणि साबणानं धुवावा. रोजच्या फरशीला गरम पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर पुरते, मागून एक हात साध्या पाण्याचा.

आता मांजर ओल्या फिनेलवरून चालली आणि तुम्ही पाहिलं, असं समजा. तिला टॉवेलात गुंडाळा, डोकं तेवढं बाहेर. भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे दोन थेंब आणि कोमट पाणी घेऊन पंजे आणि पोट धुवा, बोटांच्या मधला भागही. दोनदा खळबळून टाका आणि पुसून कोरडं करा. तोवर तिला चाटू देऊ नका. तेल किंवा रॉकेल लावू नका, त्यानं विष आणखी पसरतं. उलटी करवण्यासाठी मिठाचं पाणी मुळीच नको: जाताना जे भाजलं ते येताना पुन्हा भाजेल. दूध विषाचा उतारा नव्हे, पण ती स्वतःहून चमचाभर पाणी किंवा दूध प्यायली तर हरकत नाही. जबरदस्तीनं तोंडात ओतलं तर ते फुप्फुसात जातं.

मग लगेच पशुवैद्याकडे. लाळ थांबली तरी जा, कारण यकृताचा त्रास एकदोन दिवसांनी दिसू शकतो. बाटली बरोबर न्या. अडचण इथेच येते. सायकलवरून विकायला येणारं सुटं फिनेल आपण पाण्याच्या जुन्या बाटलीत भरून घेतो, त्यावर नाव नाही, घटक नाहीत. तसं असेल तर डॉक्टरांना रंग सांगा, वास सांगा, पाण्यात पांढरं होतं का ते सांगा आणि किती वाजता फरशी पुसली ते सांगा.