संख्याबळ, विभाजन आणि झीज : लँचेस्टर प्रतिमानाच्या आधारे सीताबर्डीच्या लढाईचा विचार

सारांश

सैन्य एकत्रित ठेवावे, विखरू नये, हे तत्त्व युद्धशास्त्रात प्राचीन काळापासून सांगितले गेले आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने १९१४ च्या सुमारास मांडलेल्या साध्या गणिती प्रतिमानातून या तत्त्वाला संख्यात्मक आधार मिळतो. प्रस्तुत लेखात या प्रतिमानाचा परिचय करून दिला असून, नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूर येथे झालेल्या सीताबर्डीच्या लढाईच्या संदर्भात त्याची उपयुक्तता व मर्यादा तपासल्या आहेत. एकत्रीकरणाचा लाभ एकूण संख्येला मिळत नसून एकाच वेळी प्रत्यक्ष लढू शकणाऱ्या संख्येला मिळतो, असे या विवेचनातून दिसून येते.

प्रस्तावना

२६ नोव्हेंबर १८१७ रोजी सायंकाळी आप्पासाहेब भोसले यांच्या फौजेने सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर असलेल्या इंग्रज तुकडीवर गोळीबार सुरू केला. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या रक्षणासाठी लेफ्टनंट कर्नल स्कॉट यांच्या हाताखाली सुमारे चौदाशे सैनिक होते. त्यात प्रामुख्याने मद्रासी पायदळाच्या दोन पलटणी व बंगालच्या घोडदळाच्या काही तुकड्या होत्या. भोसल्यांची फौज अठरा हजारांच्या आसपास होती व त्यात अरब पायदळ सुमारे तीन हजारांचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लढाई चालली. इंग्रजांकडील ठार व जखमी मिळून ३६७ माणसे कामी आली. परंतु टेकड्या त्यांच्याच ताब्यात राहिल्या.

बारा पटींहून अधिक संख्या असताना भोसल्यांच्या फौजेला यश का आले नाही, या प्रश्नाची उत्तरे सामान्यतः शौर्य, शिस्त, नेतृत्व किंवा फितुरी यांत शोधली जातात. ही कारणे नाकारण्याचा येथे हेतू नाही. मात्र त्यांच्याकडे वळण्यापूर्वी केवळ संख्येचे गणित काय सांगते, हे पाहणे उद्बोधक ठरते.

वर्गनियम

दोन फौजा समोरासमोर आहेत, प्रत्येक सैनिकाला शत्रूपक्षातील कोणताही सैनिक दिसतो व तो नेम धरून बंदूक चालवतो, अशी कल्पना करू. एका पक्षाची संख्या x व दुसऱ्याची y मानू. x पक्षाची झीज किती वेगाने होईल, हे त्याच्यावर रोखलेल्या बंदुका किती आहेत यावर, म्हणजे y वर अवलंबून राहील. तीच गोष्ट उलट बाजूने. म्हणून,

dx/dt = −b·y
dy/dt = −a·x

येथे a व b हे अनुक्रमे x व y पक्षांच्या एकेका सैनिकाची मारकक्षमता दर्शवणारे स्थिरांक आहेत. या दोन समीकरणांवरून a·x² − b·y² ही राशी लढाईभर बदलत नाही, असे सिद्ध होते. याचा अर्थ असा की फौजेचे बळ म्हणजे एका सैनिकाची मारकक्षमता गुणिले संख्येचा वर्ग. हाच लँचेस्टरचा वर्गनियम होय. याच काळात रशियात ओसिपोव्ह यानेही स्वतंत्रपणे अशीच मांडणी केली होती.

विभाजनाचा तोटा या नियमातून सहज लक्षात येतो. दोन्ही बाजूंना तुल्यबळ असे एक हजार सैनिक आहेत. परंतु एका सेनापतीने आपली फौज पाचशे-पाचशेच्या दोन भागांत विभागली आहे आणि हे भाग एकमेकांच्या मदतीला येऊ शकत नाहीत, असे समजू. पहिल्या पाचशेंशी लढताना एकत्रित फौजेचे १०००² − ५००² = ७,५०,००० इतके ‘वर्गबळ’ शिल्लक राहते, म्हणजे सुमारे ८६६ सैनिक उरतात. दुसऱ्या पाचशेंशी लढल्यानंतर ७,५०,००० − २,५०,००० = ५,००,००० उरतात, म्हणजे सुमारे ७०७ सैनिक. दोन्हीकडे आरंभी सारखीच माणसे व सारखीच शस्त्रे असताना एका पक्षाचा पूर्ण नाश होतो आणि दुसऱ्याचे सातशेहून अधिक सैनिक वाचतात.

रेषीय नियम

हा लाभ सर्व परिस्थितीत मिळत नाही. अरुंद खिंडीत एकास एक अशी तलवारबाजी होत असेल, तर मागे उभे असलेले सैनिक आपली पाळी येईपर्यंत निरुपयोगी असतात. शत्रू दिसत नसून केवळ एका भूभागावर गोळे टाकले जात असतील, तर तेथे जितकी माणसे अधिक तितकी ती अधिक सापडतात. या दोन्ही प्रसंगी संख्येचा वर्ग न येता साधी संख्याच येते व a·x − b·y ही राशी स्थिर राहते. याला रेषीय नियम म्हणतात. वरील उदाहरणात हा नियम लावल्यास पहिले पाचशे पाचशेंना मारतील, उरलेले पाचशे पुढील पाचशेंना मारतील आणि कोणीच उरणार नाही. म्हणजे येथे विभाजनामुळे नफाही नाही, तोटाही नाही.

म्हणून एखाद्या लढाईला हे प्रतिमान लावताना आधी एक प्रश्न विचारावा लागतो : किती माणसे एकाच वेळी नेम धरू शकत होती?

सीताबर्डी : एकूण संख्या आणि लढणारी संख्या

प्रथम एकूण संख्या घेऊन वर्गनियम लावून पाहू. सैनिकांची मारकक्षमता सारखी मानल्यास १८,०००² मधून १,४००² वजा केल्यावर सुमारे १७,९४५ चा वर्ग उरतो. म्हणजे अवघ्या ५५ माणसांच्या मोबदल्यात संपूर्ण इंग्रज तुकडी नष्ट व्हायला हवी होती. दोन्ही बाजूंचे बळ समान ठरायचे, तर एका शिपायाची मारकक्षमता भोसल्यांच्या एका सैनिकाच्या सुमारे १६५ पट मानावी लागेल. कोणत्याही शिस्तीने किंवा बंदुकीने इतका फरक पडत नाही. प्रतिमानाचे उत्तर वास्तवापासून इतके दूर जाते, तेव्हा त्यात घातलेली संख्या चुकीची असण्याची शक्यता अधिक असते.

प्रत्यक्षात भोसल्यांच्या फौजेचा मोठा भाग घोडदळाचा होता. टेकडीवर चढून तटून बसलेल्या पायदळावर हल्ला करणे हे घोडदळाचे काम नव्हे. ते मैदानात वेढा धरून राहिले. चढाईचा भार मुख्यतः अरब पायदळावर पडला. १८,००० ऐवजी ३,००० ही संख्या घेतल्यास प्रमाण २.१४ वर येते व त्याचा वर्ग सुमारे ४.६ होतो. उंचावरून मारा करणाऱ्या व आडोसा मिळालेल्या रक्षकाची मारकक्षमता उघड्यावरून चढणाऱ्याच्या साडेचार पट असणे मुळीच अशक्य नाही. ‘चमत्कार’ वाटणारा निकाल अशा रीतीने आकलनाच्या कक्षेत येतो.

लहान टेकडीचे गणित

लढाईतील सर्वांत बोधप्रद भाग लहान टेकडीवर घडला. ही टेकडी शहराच्या बाजूला व मोठ्या टेकडीपासून थोड्या अंतरावर आहे. तिच्या पायथ्याजवळच्या वस्तीतील झोपड्यांचा आडोसा घेऊन अरबांनी रात्रभर तिच्यावर मारा केला. या मोहिमेत भोसल्यांच्या बाजूने खरे एकत्रीकरण येथेच झाले. २७ तारखेच्या सकाळी अरबांनी एकदम चढाई करून ही टेकडी जिंकली व तेथील तोफ मोठ्या टेकडीकडे वळवली. संपूर्ण लढाईत इंग्रजांची स्थिती याच वेळी सर्वाधिक बिकट झाली होती.

या घटनेचे स्वरूप समजण्यासाठी एक काल्पनिक गणित करू. टेकडीवर ३०० रक्षक असून उंचीमुळे त्यांची मारकक्षमता दहापट आहे व १,५०० जण चढाई करीत आहेत, असे मानू. रक्षकांचे वर्गबळ १० × ३००² = ९,००,००० आणि १,५०० जण एकदम आल्यास त्यांचे २२,५०,०००. म्हणजे चढाई यशस्वी होते आणि सुमारे १,१६० हल्लेखोर शिल्लक राहतात. आता तेच १,५०० जण पाचशेच्या तीन लाटांनी आले, असे समजू. प्रत्येक लाटेचे वर्गबळ केवळ २,५०,००० असल्याने तिन्ही लाटा मिळून ७,५०,००० होतात. रक्षकांची संख्या ३०० वरून २५५, नंतर २०० आणि अखेरीस सुमारे १२२ होते. परंतु टेकडी त्यांच्याकडेच राहते. माणसे तीच, टेकडी तीच. केवळ वेळेच्या विभागणीने निकाल उलटतो.

विभाजन हे स्थळाचे असते तसेच काळाचेही असते, ही बाब येथे ठळक होते. लहान टेकडी पडल्यावर मैदानातील फौजेने त्याच वेळी मोठ्या टेकडीवर सर्व बाजूंनी दाब आणला असता, तर इंग्रजांना माणसे हलवणे कठीण झाले असते. परंतु कॅप्टन फिट्झजेराल्ड यांनी आपले थोडे घोडेस्वार एकवटून मैदानातील घोडदळाच्या एका भागावर हल्ला केला व त्यांच्या तोफा घेतल्या. पाठोपाठ लहान टेकडीवर दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोंधळ उडाला आणि इंग्रज पायदळाने ती परत जिंकली. थोड्या माणसांनी एका वेळी एकाच ठिकाणी आघात करण्याचा लाभ या दोन्ही प्रसंगी लहान फौजेने घेतला.

पुढील तीन आठवड्यांत काळाचे गणितही भोसल्यांविरुद्ध गेले. इंग्रजांची कुमक येत राहिली, ब्रिगेडियर जनरल डोव्हटन यांची फौज दाखल झाली आणि १६ डिसेंबर १८१७ रोजी झालेल्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. शत्रूच्या तुकड्या एकत्र येण्यापूर्वी त्यांपैकी एकीला गाठण्याची संधी २७ नोव्हेंबरलाच होती.

प्रतिमानाच्या मर्यादा

या समीकरणांत फौजा शेवटच्या माणसापर्यंत लढतात, असे गृहीत धरलेले आहे. प्रत्यक्षात ते क्वचितच घडते. सीताबर्डीवर सुमारे सव्वीस टक्के हानी सोसूनही तुकडी टिकली, तर स्फोटानंतर लहान टेकडीवरील अरब संख्येने संपलेले नसतानाही मागे हटले. मनोधैर्य केव्हा खचते, हे समीकरण सांगत नाही.

दुसरी अडचण पडताळणीची आहे. जे. एच. एंगेल यांनी १९५४ मध्ये इवो जिमाच्या १९४५ मधील लढाईला वर्गनियम लावला व अमेरिकी फौजेची दैनंदिन संख्या त्याच्याशी चांगली जुळल्याचे दाखवले. तथापि जपानी बाजूची रोजची संख्या उपलब्ध नव्हती. केवळ एका पक्षाच्या आकडेवारीला दोन स्थिरांक जुळवून घेतले, तर अन्य नियमही तितकाच जुळू शकतो. खरी कसोटी घ्यायची, तर दोन्ही पक्षांची संख्या वेळोवेळी माहीत हवी. एका पक्षाची झीज केवळ शत्रूच्या संख्येबरोबर बदलत असेल तर वर्गनियम, आणि स्वतःच्या दाटीबरोबरही वाढत असेल तर रेषीय नियम लागू आहे, असे म्हणता येते. सीताबर्डीसाठी अशी तासागणिक नोंद नसल्याने वरील १० किंवा ४.६ हे गुणक मोजलेले नसून केवळ तर्काच्या सोयीसाठी घेतलेले आहेत, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

निष्कर्ष

एकवटलेली फौज विखुरलेल्या फौजेला भारी पडते, हे वर्गनियमातून सिद्ध होते. परंतु त्यासाठी एकवटलेली सर्व माणसे एकाच वेळी मारा करू शकली पाहिजेत. ही अट पूर्ण होत नसेल, तर मैदानात जमलेली मोठी संख्या कागदावरच मोठी राहते. सीताबर्डीच्या पायथ्याशी अठरा हजारांची फौज एकत्र जमली होती, पण एकत्र लढली नाही. जेथे ती खरोखर एकत्र लढली, त्या लहान टेकडीवर तिला काही काळ का होईना, यश मिळाले. इतिहासातील लढाया अभ्यासताना दोन्ही पक्षांची एकूण संख्या नोंदवून थांबण्याऐवजी कोणत्या स्थळी, कोणत्या वेळी किती माणसे प्रत्यक्ष लढत होती, याची नोंद शोधणे म्हणूनच अधिक फलदायी ठरेल.