पासबुकच्या फोटोवरून एन्ट्री करताय? शिल्लक कॉलमच सांगेल चूक कुठे आहे

मागच्या व्हिडिओत आपण बँक स्टेटमेंट एक्सेलमध्ये कसं उतरवायचं ते बघितलं. त्यानंतर बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता, "सर, एन्ट्री तर केली, पण बरोबर आहे हे कसं कळणार?" म्हणून आज फक्त तेवढंच बघू.

आधी एक गोष्ट. नेट बँकिंगमधून पीडीएफ मिळत असेल तर फोटोच्या भानगडीत पडूच नका. पण पतसंस्थेचं खातं असतं, जुनं पासबुक असतं, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पान पाठवलेलं असतं. तिथे फोटोशिवाय इलाज नाही. अशा फोटोत ३ चा ८ दिसतो, ० चा ६ दिसतो, पानाच्या घडीत एखादी ओळच गायब होते. फोटो मागवताना निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप त्याला दाबून छोटा करतं आणि आकडे आणखी फिसकटतात.

आता मुद्दा. स्टेटमेंटच्या प्रत्येक ओळीत शेवटी शिल्लक छापलेली असते. मागची शिल्लक, वजा खर्च, अधिक जमा, बरोबर ही शिल्लक. म्हणजे बँकेने प्रत्येक ओळीचं उत्तर शेजारीच छापून दिलंय! बहुतेक लोक काय करतात, रक्कम टाईप करतात आणि शिल्लक एक्सेलला काढायला लावतात. मग शेवटी ताळा जमत नाही आणि दोनशे ओळींत शोधत बसतात. कारण चौथ्या ओळीत चुकलं की खालची प्रत्येक शिल्लक चुकते.

म्हणून शिल्लकसुद्धा फोटोत दिसते तशीच हाताने टाईप करायची. समजा C कॉलममध्ये खर्च, D मध्ये जमा, E मध्ये छापील शिल्लक आहे आणि दुसऱ्या ओळीत ओपनिंग बॅलन्स आहे. तर F3 मध्ये हे लिहा आणि खाली ओढा:

```
=ROUND(E2-C3+D3-E3,2)
```

शून्य आलं तर ओळ जुळली. इथे मागची शिल्लक आपण काढलेली नाही, बँकेने छापलेली घेतली आहे. त्यामुळे चूक खाली वाहत जात नाही, जिथे झाली तिथेच थांबते. ROUND कशाला? कारण पैशांच्या वजाबाकीत एक्सेल कधीकधी शून्याऐवजी दशांशाखाली दहा-बारा घरं सोडून काहीतरी किरकोळ शेपूट दाखवतो. उगाच घाबरायला होतं.

आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा मसाल्याचा व्यवसाय आहे. त्यांना कर्जासाठी सहा महिन्यांची उलाढाल मांडायची होती. त्यांच्या एन्ट्रीचं हे एक पान, रकमा मी बदलल्या आहेत:

| ओळ | तपशील | खर्च | जमा | शिल्लक | तपास |
|---|---|---|---|---|---|
| २ | ओपनिंग | | | १८,४५०.०० | |
| ३ | यूपीआय | | १,२६०.०० | १९,७१०.०० | ० |
| ४ | चेक | ७,५८०.०० | | ११,८६०.०० | २७० |
| ५ | रोख भरणा | | ९,५००.०० | २१,३६०.०० | ० |
| ६ | यूपीआय | ६४०.०० | | २६,७२०.०० | -६,००० |
| ७ | लाइट बिल | ३,४८०.०० | | १७,२४०.०० | ६,००० |
| ८ | यूपीआय | २,३००.०० | | १९,५४०.०० | -४,६०० |
| ९ | रोख भरणा | | ५,०००.०० | २४,५२२.३० | १७.७० |

पाच ओळी लाल. पण चुका चारच आहेत, आणि चारही वेगळ्या जातीच्या. फरकाचा आकडाच जात सांगतो.

चौथी ओळ बघा. २७० ला ९ ने पूर्ण भाग जातो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले की फरक नेहमी ९ च्या पटीत येतो. फोटो मोठा करून बघितला, चेक ७,८५० चा होता. दशांश चिन्ह एक घर सरकलं तरी ९ चीच पट येते, त्यामुळे दोन्ही शक्यता तपासायच्या.

सहावी आणि सातवी ओळ एकत्र वाचायची. आकडा तोच, चिन्ह उलटं. अशी जोडी दिसली की रकमा बरोबर आहेत, मधली शिल्लक चुकीची टाईप झालीय असं समजा. एक शिल्लक दोन हिशोबांत येते ना, एकदा उत्तर म्हणून आणि एकदा मागची शिल्लक म्हणून! इथे २०,७२० चं २६,७२० झालं होतं. मी तर लाल ओळ दिसली की आधी तिच्या खालची ओळ बघतो.

आठव्या ओळीत फरक रकमेच्या बरोबर दुप्पट आहे. म्हणजे रक्कम चुकीच्या कॉलममध्ये पडली. गिऱ्हाइकाकडून आलेले २,३०० ताईंच्या कागदावर खर्चात गेले होते. कर्जाच्या कागदावर विक्री तेवढी कमी दिसली असती आणि खर्च तेवढा फुगला असता.

नवव्या ओळीत १७.७० पैकी काहीच बसेना. मग कळलं की रक्कम चुकलेली नाही, वरची एक अख्खी ओळ सुटलीय. एसएमएस चार्ज १५ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, बरोबर १७.७०. ओळ पानाच्या घडीत दबली होती.

चिन्हाचं एवढं लक्षात ठेवा: अधिक फरक म्हणजे तुमच्याकडे खर्च कमी पडलाय किंवा जमा जास्त लागलीय. वजा असेल तर उलट.

काही स्टेटमेंटमध्ये नवीन व्यवहार वर असतो. तिथे हाच फॉर्म्युला लावला तर जवळपास सगळं पान लाल होतं आणि माणूस हबकतो. मागची शिल्लक खालच्या ओळीत असते, म्हणून F2 पासून असं लिहायचं:

```
=ROUND(E3-C2+D2-E2,2)
```

सीसी किंवा ओडी खातं असेल तर शिल्लकीपुढे Dr असतं, म्हणजे तुम्ही बँकेचं देणं लागता. ती शिल्लक वजा चिन्हाने टाका. Cr किंवा Dr ही अक्षरं मात्र आकड्याच्या घरात टाईप करू नका, नाहीतर #VALUE! येईल.

एखादा अंक अजिबात वाचता येत नसेल तर वरखालच्या शिलकेवरून तो काढता येतो. काढा, पण त्या घराला पिवळा रंग द्या. ती ओळ शून्य दाखवेल, कारण ती तुम्हीच जुळवलीय. तिचा तपास झालेला नाही.

आता ही पद्धत कुठे आंधळी आहे तेही बघू. तारीख आणि तपशील ती तपासत नाही. रक्कम आणि शिल्लक दोन्ही सारख्याच फरकाने चुकली तर त्या ओळीत शून्य येतं, फरक पुढच्या ओळीत उघडा पडतो. पण पानाच्या शेवटच्या ओळीला पुढची ओळच नाही. म्हणून पानाची शेवटची शिल्लक पुढच्या पानाच्या सुरुवातीच्या शिलकेशी जुळवायची, आणि अगदी शेवटची असेल तर बँकेच्या अ‍ॅपमधल्या त्या दिवसाच्या शिलकेशी.

सगळ्यात फसवं म्हणजे फेल झालेलं यूपीआय. ६४० गेले, थोड्या वेळाने ६४० परत आले, आणि दोन्ही ओळी लागोपाठ सुटल्या, तर शिल्लक जिथल्या तिथे आणि तपास कॉलम शून्य. याला एकच उपाय: फोटोतल्या ओळी बोटाने मोजा आणि एक्सेलच्या ओळींशी आकडा जुळवा. एका पानाला अर्धा मिनिट लागतो.